ट्रान्सपोझिशन टेबल: पोझिशन सापडली, पण जुना स्कोअर चालेल का?

प्रश्न: मी बुद्धिबळाचा एक छोटा प्रोग्रॅम लिहिलाय. अल्फा-बीटा नीट चालतं. तीच पोझिशन वेगळ्या क्रमाने आली तर पुन्हा शोधायला लागू नये म्हणून हॅश टेबल जोडलं. पोझिशन सापडली की साठवलेला स्कोअर परत देतो. वेग भरपूर वाढला, पण आता मधेच कुठेतरी मोहरं फुकट घालवतो. टेबल बंद केलं की असं होत नाही. हॅशमध्ये चूक असेल का?

उत्तर:

हॅशमध्येही चूक असू शकते, तिच्याकडे नंतर येतो. पण माझा पहिला संशय तुमच्याच एका वाक्यावर आहे: "सापडली की स्कोअर परत देतो". पोझिशन ओळखणं हा या कामातला सोपा भाग. साठवलेला स्कोअर आत्ताच्या प्रश्नाचं उत्तर आहे की नाही, हे ठरवण्यात बहुतेकांची पहिली आवृत्ती फसते. माझीही फसली होती, आणि लक्षणं हुबेहूब तुमच्यासारखीच होती.

आधी पुनरावृत्ती किती असते ते बघू. फुली-गोळ्यात रिकाम्या चौकटीपासून सगळ्या खेळ्या एकामागून एक करत गेलात आणि कोणी जिंकल्यावर थांबलात, तर झाडात ५,४९,९४६ नोड होतात. त्यातल्या वेगळ्या पोझिशन मोजल्या तर फक्त ५,४७८. म्हणजे सरासरी प्रत्येक पोझिशन शंभरेक वेळा भेटते. बुद्धिबळात सुरुवातीला हे प्रमाण कमी असतं. पांढरा, काळा, पुन्हा पांढरा अशा तीन खेळ्यांनंतर ८,९०२ मार्ग होतात आणि पोझिशन उरतात ५,३६२. खोली वाढते तशी ही तफावत फुगत जाते, कारण एकमेकांशी संबंध नसलेल्या खेळ्या कुठल्याही क्रमाने केल्या तरी पट तोच होतो.

पट ओळखण्यासाठी आजही सगळे वापरतात ती पद्धत आल्बर्ट झोब्रिस्ट यांनी १९७० मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या एका तांत्रिक अहवालात मांडली. प्रत्येक मोहरं आणि प्रत्येक घर या जोडीला एक यादृच्छिक ६४ बिटांचा आकडा द्यायचा. बारा प्रकारची मोहरी आणि ६४ घरं, म्हणजे ७६८ आकडे. कोणाची पाळी आहे त्यासाठी एक, कॅसलिंगच्या हक्कांसाठी चार, आणि आँ पासाँ कुठल्या उभ्या पट्टीवर शक्य आहे त्यासाठी आठ. एकूण ७८१. पटावर जे जे आहे त्याचे आकडे एकमेकांशी एक्सॉर केले की पोझिशनचा हॅश तयार.

एक्सॉरची खुबी अशी की तोच आकडा दुसऱ्यांदा लावला की तो निघून जातो. समजा आकडे आठच बिटांचे आहेत आणि सध्याचा हॅश 00111010 आहे. पांढरा घोडा `b1` वरून `c3` वर जातो. `b1` वरच्या घोड्याचा आकडा 10110010 लावला की तो घोडा उचलला जातो आणि हॅश होतो 10001000. `c3` वरच्या घोड्याचा 01101001 लावला की घोडा तिथे ठेवला जातो: 11100001. पाळीचा 11000101 लावला की 00100100. तीन एक्सॉर, संपूर्ण पट पुन्हा चाळायची गरज नाही. खेळी मागे घेताना हेच तीन आकडे पुन्हा लावले की 00111010 परत. आणि एक्सॉरला क्रमाचं सोयरसुतक नसल्यामुळे आधी `Nc3` मग `Nf3`, की आधी `Nf3` मग `Nc3`, मधे काळ्याची खेळी तीच असेल तर हॅश एकच येतो. आपल्याला हवं ते हेच.

एका जागी सांभाळा. प्यादं दोन घरं पुढे गेलं की आँ पासाँचा आकडा डोळे झाकून लावू नका. `1.e4 e6 2.d4` आणि `1.d4 e6 2.e4` यांनंतर पट सारखाच असतो, पण एकात शेवटी `d` चं प्यादं दोन घरं गेलंय आणि दुसऱ्यात `e` चं. आँ पासाँने मारायला काळ्याचं प्यादं शेजारी नाहीच, तरीही आकडा लावलात तर एकाच पोझिशनचे दोन हॅश होतात आणि टेबलाचा फायदा हातचा जातो. मारणारं प्यादं खरोखर शेजारी असेल तेव्हाच लावा.

आता मुख्य दुखण्याकडे. अल्फा-बीटा प्रत्येक नोडचा खरा स्कोअर काढतच नाही, काम वाचवतं ते तिथेच. बहुतेक नोडवर ते "एवढं तरी नक्की आहे, पुढे बघायची गरज नाही" किंवा "यापेक्षा जास्त मिळणार नाही" एवढंच शोधून थांबतं. म्हणजे टेबलात जाणारे बहुतेक आकडे स्कोअर नसतात, मर्यादा असतात. आकड्याबरोबर तो कसला आहे हे लिहिलं नाही, तर पुढच्या वेळी तो खोटं बोलतो.

प्रत्यक्ष बघू. `P` ही पोझिशन, चाल पांढऱ्याची, स्कोअर चाल असलेल्याच्या बाजूने मोजलेला, एक प्यादं म्हणजे १००. पहिल्यांदा `P` भेटली तेव्हा अल्फा २० आणि बीटा ६० होता. पांढऱ्याची पहिलीच खेळी ७५ देते. ७५ बीटापेक्षा मोठा, म्हणजे काळा या वाटेने येणारच नाही, म्हणून शोध तिथे थांबला. तिसऱ्या क्रमांकावर एक खेळी होती जी घोडा जिंकून ३१० देते, तिच्याकडे कोणी बघितलंच नाही. त्या क्षणी ते बरोबरही होतं. टेबलात गेला ७५.

थोड्या वेळाने झाडाच्या दुसऱ्या फांदीवर तीच `P` दुसऱ्या क्रमाने आली. या वेळी अल्फा १२० आहे, म्हणजे पांढऱ्याला दुसरीकडे १२० आधीच मिळालेत, आणि बीटा २००. तुमचा प्रोग्रॅम टेबलातून ७५ काढून परत देतो. १२० पेक्षा कमी, म्हणजे पांढऱ्याला `P` मध्ये विशेष काही नाही आणि काळ्यासाठी ही छान जागा आहे, असा निष्कर्ष निघतो. तुमचा प्रोग्रॅम काळ्याकडून खेळत असेल तर तो खुशाल तिथे जातो, आणि समोरचा घोडा उचलून नेतो. टेबल बंद असताना तो `P` नव्याने शोधतो, ३१० बघतो आणि त्या वाटेला जात नाही. तुमच्या तक्रारीचं सगळं चित्र यात बसतं.

त्या ७५ च्या शेजारी "निदान एवढा" असं लिहिलं असतं, तर दुसऱ्या भेटीत प्रश्न वेगळा विचारता आला असता: निदान ७५ आहे, त्यावरून २०० ओलांडतो असं म्हणता येतं का? नाही. मग पुन्हा शोधा. म्हणून प्रत्येक एन्ट्रीत स्कोअर, तो कोणत्या जातीचा, किती खोल शोधून मिळाला आणि सर्वोत्तम वाटलेली खेळी, हे सगळं लागतं. वाचताना:

```c
int alphaOrig = alpha;
Entry *e = &table[key & mask];
if (e->key == key) {
    hashMove = e->move;
    if (e->depth >= depth) {
        int s = fromTable(e->score, ply);
        if (e->flag == EXACT) return s;
        if (e->flag == LOWER && s >= beta)  return s;
        if (e->flag == UPPER && s <= alpha) return s;
    }
}
```

आणि सगळ्या खेळ्या बघून झाल्यावर, किंवा मधेच थांबल्यावर, लिहिताना:

```c
if (best <= alphaOrig)  flag = UPPER;
else if (best >= beta)  flag = LOWER;
else                    flag = EXACT;
```

`alphaOrig` वर बोट ठेवून सांगतो, कारण इथे माझे चार दिवस गेले होते. शोध चालू असताना `alpha` वर सरकत जातो. शेवटी त्या सरकलेल्या `alpha` शी तुलना केली, तर `best` त्याच्याइतकाच असतो आणि प्रत्येक खरा स्कोअर "जास्तीत जास्त एवढा" म्हणून नोंदला जातो. प्रोग्रॅम कोसळत नाही, हास्यास्पदही खेळत नाही, फक्त टेबलाचा उपयोग गुपचूप कमी होतो. अशी चूक डोळ्यांना दिसत नाही. नोडात शिरताना आलेला मूळ अल्फा जपून ठेवा.

खोलीची अट वरच्या कोडात आहेच: चार खेळ्या बघून मिळालेलं उत्तर आठ खेळ्यांच्या प्रश्नाला चालत नाही. पण तेव्हाही एन्ट्री टाकाऊ नसते. स्कोअर नाकारा, `hashMove` घ्या आणि ती खेळी सगळ्यात आधी तपासा. अल्फा-बीटाचं सगळं यश चांगली खेळी लवकर बघण्यावर आहे. प्रत्येक नोडवर `b` खेळ्या आणि खोली `d` असेल, तर क्रम उत्तम असताना काम `b^d` वरून साधारण `b^(d/2)` वर येतं. खोली एकेक वाढवत पुन्हा शोधत असाल, तर मागच्या फेरीत टेबलात राहिलेली खेळी पुढच्या फेरीत हा क्रम आयता देते. मोहऱ्यांनी भरलेल्या डावाच्या मध्यात माझ्या अनुभवाने टेबलाचा मोठा फायदा इथूनच येतो, थेट स्कोअर परत देण्यातून नव्हे. फक्त ती खेळी पटावर करण्याआधी नियमात बसते का ते तपासा. कारण पुढे येतंय.

आता हॅशकडे. समजा एन्ट्री १६ बाइटची आहे आणि टेबल २५६ एमबीचं. म्हणजे १,६७,७७,२१६ जागा, बरोबर २ चा २४ वा घात. हॅशचे खालचे २४ बिट जागा ठरवतात, उरलेले ४० बिट "ही खरंच तीच पोझिशन का" हे ओळखायला उरतात. दोन पोझिशनला एकच जागा मिळणं ही रोजची गोष्ट आहे, त्यात काही बिघडत नाही. साठवलेल्या हॅशशी तुलना केली की कळतं. दोन पोझिशनचे सगळे ६४ बिट जुळले तर मात्र कळायला मार्ग नाही. सेकंदाला दहा लाख वेळा टेबल बघणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ४० बिट योगायोगाने जुळायला सरासरी बारा-तेरा दिवस लागतील, आणि जुळले तरी तो एक चुकीचा स्कोअर लाखो नोडांच्या गर्दीत मुळापर्यंत पोहोचेलच असं नाही. स्टॉकफिश तर एन्ट्रीत हॅशचे फक्त १६ बिट ठेवतं आणि तरीही निर्धास्त असतं, कारण टेबलातून आलेली खेळी ते पडताळून घेतं.

पण हा हिशेब आकडे खरोखर ६४ बिटांचे असतील तरच. सी भाषेतल्या `rand()` ने आकडे भरले असतील तर थांबा. काही कंपायलरवर `rand()` ३१ बिट देतं. मग ७८१ आकड्यांचे वरचे ३३ बिट शून्य, आणि शून्यांचा एक्सॉर शून्यच. खालचे २४ बिट जागेत गेले, ओळखायला उरले सात. म्हणजे परक्या एन्ट्रीशी गाठ पडली की दर १२८ वेळांत एकदा ती आपली वाटणार. काही कंपायलरवर तर `RAND_MAX` ३२७६७ असतो, म्हणजे पंधराच बिट. तिथे दीड कोटीवर जागांच्या टेबलातल्या ३२,७६८ जागाच वापरल्या जातात आणि त्या जागी जे सापडेल ते आपलंच समजलं जातं. मी एकदा दुसऱ्या कोणाच्या प्रोग्रॅममध्ये हे बघितलंय. `hashMove` रिकाम्या घरावरून मोहरं हलवायला सांगत होती आणि लिहिणारा बिचारा खेळी-निर्मितीत चूक शोधत होता. ६४ बिट देणारा जनरेटर वापरा आणि बीज ठरावीक ठेवा, म्हणजे कालची चूक आज पुन्हा दिसेल.

दुसरी हॅशची चूक म्हणजे कुठलातरी एक्सॉर राहून जाणं. कॅसलिंगमध्ये हत्ती हलवायचा राहतो, हत्ती मारला गेल्यावर त्या बाजूचा हक्क काढायचा राहतो, प्यादं वजीर झाल्यावर प्यादंच ठेवलं जातं. ही शोधायला डोकं लावत बसू नका. प्रत्येक खेळीनंतर सगळा पट चाळून नव्याने हॅश काढा, चालू हॅशशी ताडून बघा आणि जुळला नाही तर प्रोग्रॅम तिथेच थांबवा. अशा तपासणीसह पहिल्या चार-पाच खेळ्यांचं झाड पूर्ण फिरवलं की एकूणएक गफलती बाहेर येतात. मात्र केवळ सुरुवातीच्या पटावर भागवू नका, तिथे इतक्या लवकर कोणाचं प्यादं वजीर होत नाही. कॅसलिंग आणि बढती दोन्ही जवळ असलेली पोझिशनही घ्या.

मातेचा स्कोअर ही वेगळी भानगड. मुळापासून मोजलेला स्कोअर तसाच टेबलात टाकला तर दुसऱ्या वाटेने आल्यावर तो चुकतो. मातेला ३०००० धरू आणि मुळापासूनची प्रत्येक अर्धी खेळी एक वजा करू. मुळापासून सहाव्या थरावरच्या नोडमधून आणखी तीन थरांनी मात दिसली, म्हणजे स्कोअर २९९९१. टेबलात टाकताना त्यात ६ मिळवा: २९९९७, म्हणजे "इथून तीन थरांवर मात". पुढे तीच पोझिशन दुसऱ्या थरावर भेटली की २ वजा करून २९९९५ मिळतो, आणि तो बरोबर आहे, कारण मात आता मुळापासून पाचव्या थरावर आहे. वरच्या कोडातलं `fromTable` हेच करतं. हे केलं नसेल तर प्रोग्रॅम दर खेळीला "तीन खेळ्यांत मात" म्हणतो आणि ती मात कधीच देत नाही.

एक मर्यादा मात्र हॅशच्या स्वभावातच आहे. हॅशला इतिहास माहीत नसतो. एकाच पटाकडे येणाऱ्या दोन वाटांपैकी एकीवर तो पट तिसऱ्यांदा येत असेल तर बरोबरी, दुसरीवर नाही. टेबलाच्या दृष्टीने दोन्ही एकच. पन्नास खेळ्यांच्या नियमाचंही तसंच. इतिहास हॅशमध्ये घातला तर ट्रान्सपोझिशनच संपतात, म्हणून कोणी घालत नाही. व्यवहारात करतात ते एवढंच: टेबल बघण्याआधी पुनरावृत्ती तपासायची आणि ती असेल तर बरोबरीचा स्कोअर तिथूनच परत द्यायचा. मुळाच्या नोडवर टेबलातला स्कोअर कधीच परत द्यायचा नाही. तरीही क्वचित एखादी बरोबरी हातून निसटते. मी त्यावर झोप घालवत नाही.

दुरुस्ती झाली की टेबल बंद ठेवून आणि चालू ठेवून ठरावीक खोलीपर्यंत शोधा आणि मुळाचा स्कोअर ताडा. या चाचणीपुरतं `e->depth >= depth` ऐवजी `==` लिहा, कारण `>=` ने टेबल तुम्हाला मागितल्यापेक्षा खोल उत्तर देऊ शकतं आणि स्कोअर रास्त कारणानेही बदलतो. पुनरावृत्तीची तपासणीही दोन्हीकडे बंद ठेवा, आणि अल्फा-बीटाखेरीज इतर छाटणी सुरू असेल तर तीही. मग शेपन्नास वेगवेगळ्या पोझिशनवर स्कोअर अक्षरशः सारखा यायला हवा. एकदाही वेगळा आला तर त्या पोझिशनवर खोली एकेक कमी करत जा. बहुधा तीन-चार थरांतच चोर सापडतो, आणि तेवढं झाड हाताने वाचता येतं.

टेबल खरंच काम करतंय का, ते या पोझिशनवर बघा. इंजिन लिहिणारे हिला "फाइन ७०" म्हणतात:

```
8/k7/3p4/p2P1p2/P2P1P2/8/8/K7 w - - 0 1
```

सगळी प्यादी एकमेकांना अडवून उभी आहेत, हलतात फक्त दोन राजे. पांढरा `Kb1` खेळून जिंकतो, पण ते कळायला खूप खोल जावं लागतं. राजाला सरासरी पाच खेळ्या धरल्या, तर वीस थरांसाठी उत्तम क्रमातलं अल्फा-बीटासुद्धा ५ चा १० वा घात, म्हणजे सुमारे ९८ लाख नोड मागतं, आणि उत्तम क्रम कोणालाच मिळत नाही. दुसऱ्या बाजूने मोजा. एखादं प्यादं पडेपर्यंत राजांच्या जागा फार तर ६४ गुणिले ६४, म्हणजे ४,०९६, आणि पाळ्या दोन. एका थरावर पाळी ठरलेली असते, त्यामुळे वीस थरांत फार तर ८१,९२० वेगळे प्रश्न उद्भवतात. विंडो बदलल्यामुळे काही प्रश्न दोन-तीनदा सुटतील, प्यादं पडल्यावर नव्या पोझिशन येतील, पण झाडाचा स्फोट होत नाही.

म्हणून टेबल नीट असेल तर खोली वाढवत नेताना दर फेरीला नोडांची संख्या हळूहळू वाढते, आणि वीस-पंचवीस थरांच्या आसपास `Kb1` क्षणात दिसतो. टेबल बंद केलं तर बारा-चौदा थरांपुढे प्रत्येक फेरी आधीच्या फेरीच्या कितीतरी पट वेळ खाऊ लागते. टेबल चालू असूनही फेऱ्यांची गती तशीच वाढत असेल, तर आधी `alphaOrig` बघा. आणि खोली भराभर वाढते पण पंचवीस-तीस थरांनंतरही `Kb1` दिसत नसेल, तर आधी पाळीचा आकडा प्रत्येक खेळीला लागतोय का ते बघा, मग `LOWER` आणि `UPPER` च्या अटींकडे परत या.